तिसऱ्या टाकीचं लेबल

माझ्या दुकानात आलेलं गिऱ्हाईक आधी किंमत बघतं, मग लेबलावरचं चित्र, आणि मग माझं तोंड. लेबलावरचे शब्द कुणी वाचत नाही. वाचलेच, तर बड्या माणसाच्या सहीकडे बघावं तसं त्यांच्याकडे आदराने बघतात आणि पाकीट काढतात. वाइन विकण्यात माझी अर्धी हयात गेली, आणि या आदराची मला मनापासून चीड येते. ज्या शब्दाचा अर्थ माहीत नाही त्याला नमस्कार कसला करायचा?

म्हणून समोरचे घड्याळवाले काका बाटली हातात घेऊन, "हे तीन शब्द काय म्हणतात ते सांग, मगच घेतो," म्हणाले, तेव्हा मला फार बरं वाटलं. काकांचं दुकान म्हणजे रस्त्यापलीकडची एक अरुंद खोली. आत एक टेबल, एक दिवा, आणि भिंतभर बंद पडलेली घड्याळं. उजव्या डोळ्याला भिंग लावून लावून तो डोळा कायमचा बारीक झालेला. त्या डोळ्यावरच त्यांचं पोट होतं. त्यांनी आजवर माझ्याकडून एक थेंब घेतला नव्हता. पण परदेशी गेलेली त्यांची लेक बऱ्याच वर्षांनी घरी यायची होती, आणि तिच्यासमोर काहीतरी फेसाळतं उघडायचं त्यांच्या मनात होतं.

बाटली माझ्या भाऊजींची होती, म्हणजे ताईच्या नवऱ्याची. शहराबाहेर टेकडीच्या पायथ्याशी त्यांची छोटी वायनरी आहे. त्या वर्षीची फेसाळ वाइन नुकतीच आली होती, आणि तिच्या लेबलावर सोनेरी अक्षरांत तीन शब्द होते. तेरवार, क्यूव्हे तीन, ब्रूट.

"पहिला शब्द तेरवार," मी म्हणाले. "म्हणजे जागा. माती कसली, उतार कुठल्या बाजूला, पाणी साचतं की वाहून जातं, रात्री गारवा किती पडतो. हे सगळं द्राक्षात उतरतं. भाऊजींचा वरचा मळा टेकडीवर आहे. चुनखडीची जमीन, रात्री थंडी. म्हणून त्यांच्या वाइनला लिंबासारखी धार असते."

"म्हणजे हा शब्द असला की माल चांगला?"

"अजिबात नाही. हा शब्द कुणीही छापू शकतं, त्याला कुणी विचारत नाही. आपण बघायचं ते खाली बारीक अक्षरांत. मळ्याचं नाव दिलंय का, बाटली कुणी भरली ते लिहिलंय का. नाव असेल तर त्या शब्दाला कुणीतरी जामीन आहे असं समजायचं."

काकांनी खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं आणि खालची ओळ वाचली. "वरचा मळा. तुझ्या भाऊजींचं नाव. जामीन आहे."

"दुसरा, क्यूव्हे. क्यूव्ह म्हणजे टाकी. एका टाकीत जमवलेलं एक मिश्रण, एक घाणा, म्हणा ना. पुढे 'खास' नि 'राजेशाही' लावलं असेल तर ती नुसती तोरणं. पण इथे आकडा आहे. तीन नंबरची टाकी. म्हणजे हे लेबल असलेली कुठलीही बाटली उघडा, आत एकच वाइन असणार. एक आवडली तर दुसरी डोळे मिटून घ्यावी."

"आणि तिसरा?"

"तिसऱ्यालाच काय तो मोजमापाचा धाक आहे. ब्रूट म्हणजे कोरडी. लिटरमागे साखर बारा ग्रॅमच्या आत. हिच्यात दहा आहे, भाऊजींनी मला सांगितलंय. गंमत अशी की 'एक्स्ट्रा ड्राय' लिहिलेली वाइन याच्याहून गोड असते. लोक ती जास्त कोरडी म्हणून नेतात आणि मला शिव्या देतात."

काका हसले. मी एक बाटली उघडली आणि दोन घोट ओतले. स्वच्छ, पिवळसर, बारीक बुडबुड्यांची. जिभेवर आधी धार, मग मागून पिकल्या नासपतीएवढी गोडी. काकांनी ग्लास दिव्यासमोर धरला आणि म्हणाले, "लबाड नाही दिसत." सहा बाटल्यांचं खोकं घेऊन ते रस्ता ओलांडून गेले. "गार जागी ठेवा हो," मी मागून ओरडले. ते म्हणाले, घरात जागा नाही, दुकानात टेबलावरच्या फळीवर ठेवतो, लेक येईपर्यंतच तर आहे.

त्यानंतर उकाडा सुरू झाला. दुपारी रस्त्यावरचं डांबर मऊ व्हायचं आणि माझ्या मागच्या खोलीतला पंखा नुसती गरम हवा ढवळायचा. एका दुपारी मी पुढे बसले होते आणि मागून आवाज आला. फटाक्यासारखा नाही. जड दार एका दणक्यात आपटावं तसा. मांजराने काहीतरी पाडलं असेल म्हणून मी उठले. मांजर माझ्या पायाशीच झोपलं होतं.

मागच्या खोलीत भाऊजींच्या वाइनचं एक खोकं फाटलं होतं. जमीन ओली, हवेत आंबूस वास. बाटलीचा बुंधा जागच्या जागी उभा होता, वरचा भाग कुठेच नव्हता. तो मला दारात सापडला. तळहाताएवढी काच लाकडात रुतून बसली होती, बरोबर माझ्या चेहऱ्याच्या उंचीवर. मी ती ओढून बघितली. निघाली नाही.

एखादी बाटली कच्ची निघते. काचेत एखादा ओरखडा असतो, उन्हाळ्यात दाब वाढतो, जाते. असं मी स्वतःला सांगितलं. पण घाबरल्यावर मला आधी राग येतो, तसा आला, आणि रागातच मी खोक्यातल्या दोन बाटल्या बर्फात पुरल्या. गार झाली की वायू शांत होतो. मग स्कूटरचं हेल्मेट डोक्यावर चढवलं, काच खाली ओढली, हातात जाड मोजे घातले आणि बाटलीभोवती टॉवेल गुंडाळला. आरशात दिसले असते तर स्वतःलाच हसले असते. पण हसण्याची वेळ नव्हती.

पहिली बाटली शहाण्यासारखी उघडली. तीच धार, तीच नासपतीची गोडी, तीच स्वच्छ.

दुसरीची तारेची जाळी सैल केली मात्र, बूच हातातून सुटून छताला लागलं आणि फेस मनगटावरून कोपरापर्यंत आला. खाली उरलं ते गढूळ होतं. बुडाशी पिठासारखा बारीक थर. मी चव घेतली. गोडी नाही. कणभरही नाही, खडखडीत कोरडी. आणि लिंबाची ती धारही नव्हती. सपाट, उष्ण जागेची वाइन.

दोन्ही बाटल्या मी शेजारी शेजारी ठेवल्या. लेबल तेच, अक्षरं तीच, तेरवार, क्यूव्हे तीन, ब्रूट. मी काकांना काय सांगितलं होतं? कुठलीही उघडा, आत एकच. एका टाकीतून दोन चवी निघत नसतात. आणि दहा ग्रॅम साखर आपल्या पायांनी चालत जात नाही. ती कुणीतरी खाल्ली होती. बाटलीत यीस्ट जिवंत होतं, ते साखर खात होतं आणि वायू सोडत होतं. चार-एक ग्रॅम साखर गेली की दाब एका पायरीने चढतो, आणि अशा बाटलीत मुळातच गाडीच्या टायरच्या दुपटीहून जास्त दाब असतो. उकाडा त्यात भर घालणार ती वेगळी.

माझ्या दुकानातून ती वाइन तोवर एकट्या काकांनी नेली होती. त्यांच्या टेबलावरच्या फळीवर, तापलेल्या दिव्याच्या वर, डोळ्यांच्या रेषेत.

मी धावत रस्ता ओलांडला. दुकानाला कुलूप. काचेवर पाटी, 'आज बंद, उद्या उघडेल.' फोन वाजत राहिला. काका फोन उचलत नाहीत हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. काचेतून आत बघितलं, तर फळी रिकामी होती. बाटल्या त्यांनी घरी नेल्या होत्या. म्हणजे लेक आली होती.

काकांचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, टेकडीच्या रस्त्याला लागून आहे असं ऐकून होते, पण नेमकं कुठे ते मला माहीत नव्हतं. ताईला माहीत होतं, तिच्या लग्नातलं भिंतीवरचं घड्याळ त्यांनीच घरी येऊन बसवलं होतं, आणि त्यांच्या घरी तिचं जाणं-येणं होतं. मी ताईला फोन केला. भाऊजींनी उचलला.

"उन्हात ठेवल्यास तू बाटल्या," ते माझं बोलणं संपायच्या आत म्हणाले. "माल पोचवला की माझी जबाबदारी संपली."

"काकांचं घर कुठे आहे ते तेवढं सांगा."

"कशाला? लोकांना घाबरवायला? तू आधी इकडे ये."

वायनरी त्याच रस्त्याला होती. मी गेले. भाऊजी तळघरात उभे होते, पाठीमागे बाटल्यांची भिंत, आणि दारापाशी हॉटेलात जायची खोकी रचून ठेवलेली. उद्या सकाळी त्यांची गाडी निघणार होती. ताई तिथल्या गारव्यात अंगावर शाल घेऊन खुर्चीवर बसली होती. मी आले तरी ती उठली नाही, एरवी दारापर्यंत येते.

"टाकी तीन," मी म्हणाले. "तिच्यात काय झालं?"

"टाकी तीनला काहीच झालेलं नाही," भाऊजी म्हणाले. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण काय बोलून गेलो.

"मग कुठल्या टाकीला झालं?"

ताई बोलली. ताईला खोटं बोलता येतं, पण माझ्यासमोर नाही, लहानपणापासून. "वरच्या मळ्यावर गारा पडल्या गं. निम्मं पीक गेलं. तीन नंबरच्या टाकीपुरतीच द्राक्षं निघाली. हॉटेलला शब्द दिला होता. मग खालच्या पठारावरची द्राक्षं घेतली आणि चार नंबरची टाकी भरली."

"आणि लेबल?"

"तीनची लेबलं जास्त छापून आली होती," भाऊजी म्हणाले. "लावली. कुणाला कळतंय त्यातलं? क्यूव्हे म्हणजे काय, एक शोभेचा शब्द. लग्नपत्रिकेवरच्या गणपतीसारखा."

"आणि गाळणी?"

ते माझ्याकडे बघायचं टाळू लागले. गोडी ठेवलेली वाइन बाटलीत भरताना इतकी बारीक गाळावी लागते की यीस्टचा एक जीवही पलीकडे जाऊ नये. हे मला त्यांनीच शिकवलं होतं, याच तळघरात, मी धंद्यात नवी असताना. त्या दिवशी ते मला फार मोठे वाटले होते.

"भरता भरता फाटली," ते शेवटी म्हणाले. "नवी यायला वेळ लागला असता. थोडी तशीच भरली. यीस्ट मरायला सल्फर टाकलं होतं ना मी. दर वर्षी तेवढंच टाकतो."

"दर वर्षी टेकडीची द्राक्षं असतात! त्यांच्यात आंबटपणा असतो म्हणून तेवढं सल्फर पुरतं. पठारावरच्या गोड द्राक्षांना नाही पुरत. भाऊजी, हे तुम्हाला मी सांगायचं?"

सगळं तिथेच उघडं पडलं होतं. जागा खोटी, म्हणून यीस्ट मेलं नाही. टाकी खोटी, म्हणून कुठली बाटली जिवंत आहे ते ओळखायची सोय नाही. आणि ब्रूटची ती मोजलेली दहा ग्रॅम साखर त्या यीस्टचा खुराक झाली होती. तेवढ्यात भिंतीतून, बाटल्यांच्या रांगांमधून कुठूनतरी, बारीक 'टिक्' असा आवाज आला. आम्ही तिघंही भिंतीकडे वळलो. पुन्हा आला नाही. तळघर गार होतं म्हणून ती भिंत उभी होती, एवढंच.

"उद्याची गाडी थांबवा," मी म्हणाले.

"गाडी थांबली तर हॉटेल विचारेल का. एकदा का हे बाहेर पडलं, की आमचं नाव गेलं. मग वरच्या मळ्यात सोनं पिकवलं तरी कुत्रं विचारणार नाही."

"आधी काकांकडे जाऊ," ताई उठत म्हणाली. "मी येते, घर मी दाखवते. पण बोलायचं मी. लेबलात चूक झाली, बदलून देतो, एवढंच सांगायचं. बाटल्या आल्या की झालं ना तुझं? बाकीचं घरात बसून बघू."

मला ते पटलं नव्हतं. पण घर ताईला माहीत होतं आणि घड्याळ पुढे सरकत होतं. अडला हरी, दुसरं काय. आम्ही गाडीत दोन गोणपाटं आणि माझं हेल्मेट टाकलं आणि निघालो. वाटेत ताई एकदाच बोलली. "तुला काय, तुझ्याकडे शंभर जणांच्या बाटल्या आहेत. आमच्याकडे हे एकच नाव आहे." मला तिची दया येत होती आणि तिला गदागदा हलवावंसंही वाटत होतं.

काकांचं घर तळमजल्यावर होतं, पश्चिमेला तोंड करून. दुपारचं सगळं ऊन पुढच्या खोलीत आलं होतं. काकांनी दार उघडलं आणि त्यांचा चेहरा फुलला. "बघ, तुझंच नाव काढलं होतं आत्ता! लेकीला सांगत होतो, तेरवार म्हणजे काय, क्यूव्हे म्हणजे काय. ती म्हणते बाबा, तुम्ही कधीपासून पंडित झालात?"

टेबलावर स्वच्छ चादर होती, चार ग्लास, आणि खिडकीच्या उन्हात भाऊजींच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या, लेबलं पुढे करून. ऊन त्यांच्यातून आरपार जात होतं. दोन स्वच्छ होत्या. बाकीच्यांच्या बुडाशी मला तो पिठासारखा थर दिसला.

"काका," ताई पुढे झाली. आवाज अगदी गोड. "अहो, जरा घोळ झाला. या बाटल्यांची लेबलं चुकीची छापली गेली. आम्ही या घेऊन जातो आणि याच्याहून चांगल्या पाठवतो. आजच्या आज."

"चुकीची?" काकांनी मधलीच एक बाटली उचलली. खिशातून भिंग काढून उजव्या डोळ्याला लावलं आणि बाटली डोळ्यापासून वीतभर अंतरावर आणली. "कुठला शब्द चुकलाय? मला तर पाठ झालेत तिन्ही. यातला कुठला खोटा?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. तिला त्यांचे अर्थ माझ्याइतकेच ठाऊक होते. एक सांगितला की दुसरा सांगावा लागणार होता.

काका भिंगातून वाचत होते, बाटली हळूहळू फिरवत, जसं नाजूक घड्याळ फिरवावं. काचेतून गढूळ प्रकाश त्यांच्या गालावर हलत होता.

"तिन्ही," मी म्हणाले. "तिन्ही खोटे आहेत, काका. बाटली फुटणारी आहे. डोळ्यापासून दूर घ्या. हळू. झटका देऊ नका. खाली ठेवा आणि मागे या."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. हा माणूस आयुष्यभर केसाएवढ्या स्प्रिंगा चिमट्याने उचलत आला होता, हात कसा स्थिर ठेवायचा हे त्याला शिकवावं लागत नव्हतं. बाटली टेबलावर टेकली तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. ते दोन पावलं मागे आले. मी पडदा ओढला आणि बाटल्यांवर काखेतलं गोणपाट टाकलं. ताईने डोळे मिटून श्वास सोडला, आणि मीही सोडला.

मग मी बाटल्या मोजल्या. गोणपाटाखाली पाच फुगवटे होते.

"सहावी?"

"सहावी लेकीने आत नेलीय," काका म्हणाले. "तिला उघडता येते म्हणाली. तिकडे सगळे हेच पितात ना..."

आतून तारेची जाळी सोडवल्याचा किरकिर आवाज येत होता.

येताना दाराशी ठेवलेलं हेल्मेट उचलायला मी वाकले. त्या एका वाकण्याचा हिशेब मी अजून करते, पण मी डोकं झाकायला वाकले ही खरी गोष्ट आहे. ताई वाकली नाही. ती सरळ आत धावली. मला तिचा आवाज ऐकू आला, "सोड ती! सोड, हात काढ!" आणि मी स्वयंपाकघराच्या दारात पोचले तेव्हा काकांची लेक भिंतीला टेकून उभी होती, हात रिकामे, आणि ताई पाठमोरी, अंगावरची शाल बाटलीभोवती गुंडाळत, तिला पोटाशी घेऊन खिडकीकडे वळत होती.

तो आवाज मी दुसऱ्यांदा ऐकला. जड दार एका दणक्यात आपटावं तसा.

ताई ओरडली नाही. ती खाली बसली, आणि मग तिने विचारलं, "पोरीला लागलं का?" लेकीला ओरखडाही नव्हता. शालीने पुष्कळ काच अडवली होती. एक तुकडा अडवला नव्हता.

हॉस्पिटलच्या लांब, फिनेलचा वास येणाऱ्या खोलीत भाऊजी आले तेव्हा ताईच्या डाव्या डोळ्यावर जाड पट्टी होती. डॉक्टर बाहेर मला सांगून गेले होते की त्या डोळ्याची आशा धरू नका. तिला त्यांनी सांगितलं नव्हतं, पण ताईला सांगावं लागत नाही. काका दाराशी स्टुलावर बसून होते. भिंग अजून त्यांच्या मुठीतच होतं. कुणी पाणी विचारलं तरी ते नाही म्हणत होते.

भाऊजी पलंगाशी उभे राहिले. मला त्यांची कीव करायची इच्छा होत नव्हती.

"कुठली होती ती?" ताईने विचारलं. "तीन की चार?"

"काय?"

"माझ्या हातात फुटली ती. कुठल्या टाकीची?"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. चारचीच असणार, हे तिघांनाही कळत होतं. पण नक्की म्हणून सांगेल असं कुणी नव्हतं. "आता कळायचं नाही, ताई," मी म्हणाले. "लेबल एकच होतं."

ती छताकडे बघत होती, एका डोळ्याने. "उद्याची गाडी थांबवा," मग ती म्हणाली. "दोन्ही टाक्यांच्या सगळ्या बाटल्या फोडून टाका. तीनच्यासुद्धा."

तीनची वाइन म्हणजे वरच्या मळ्याचं त्या वर्षी वाचलेलं सगळं पीक. टेकडीची धार त्या वर्षी तेवढ्याच बाटल्यांत उरली होती. भाऊजींनी फोन काढायला खिशात हात घातला. हात खिशातच राहिला.

"अहो, लावा ना."

"गाडी गेली," ते म्हणाले. आवाज इतका खाली की काकांनी मान वर केली. "तुम्ही दोघी निघालात आणि मी ड्रायव्हरला बोलावलं. मला वाटलं, ही थांबवणार. उद्या कशाला, आजच जाऊ दे म्हटलं. दुपारीच गेली. तिकडे आज लग्नाची पार्टी आहे, माल आला तर आजच उघडू म्हणाले."

"त्यात तीनच्या किती, चारच्या किती?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे, उत्तर मला माहीत होतं.

"मिसळून," भाऊजी म्हणाले.

खिडकीबाहेर ऊन कलत होतं आणि हवा अजून तापलेलीच होती. ताईने पलंगावरून माझ्याकडे हात पुढे केला. "तू लाव फोन. मला आकडे दिसत नाहीयेत नीट."

मी हॉटेलचा नंबर लावला. पलीकडे घंटी वाजायला लागली.

"सांग त्यांना, बाटलीला कुणी हात लावू नका," ताई म्हणाली. "कुठली बाटली म्हणून विचारतील. सांग, आमचं नाव असलेली. आमचं नाव असलेली प्रत्येक."

घंटी वाजत होती. मी फोन कानाशी घट्ट धरला, आणि पलीकडे कुणीतरी उचलला तेव्हा आधी मला ऐकू आलं ते संगीत आणि माणसांचं हसणं.